कटानाची धार कडक आणि पाठ चिवट कशी होते: मातीचा लेप लावून पाणी देण्याची पूर्ण पद्धत

जपानी तलवारीबद्दल बोलणं निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, अरे ते धारेला खास माती लावतात म्हणून ती इतकी कडक होते. हे बरोब्बर उलटं आहे. धार कडक होते ती पाण्यामुळे, आणि मातीचा जाड थर असतो तो पाठीवर, तिथलं पोलाद कडक होऊ नये म्हणून. माती ठरवते की कडकपणा कुठे थांबायचा. एवढं डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळत जातं, म्हणून आधी थोडं पोलादाबद्दल, मग प्रत्यक्ष काम.

पोलाद लाल तापवलं की साधारण ७२७ डिग्रीच्या वर त्याची आतली रचना बदलायला लागते आणि त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो, या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. आता हे थंड कसं होतं त्यावर सगळा खेळ आहे. हळू थंड झालं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पर्लाइट बनतं, म्हणजे मऊसर, वाकणारं, न तुटणारं पोलाद. झटकन थंड झालं तर कार्बन आतच अडकतो आणि मार्टेन्साइट बनतं, जे काचेवर ओरखडा काढेल इतकं कडक पण ठिसूळ असतं. आणि झटकन म्हणजे किती, तर कटानाला वापरतात तसल्या साध्या कार्बन पोलादाला लाल अवस्थेतून साधारण ५५० डिग्रीच्या खाली यायला जेमतेम एक सेकंद मिळतो, त्याच्या आत आलं तर मार्टेन्साइट, उशीर झाला तर पर्लाइट. एकाच पात्याच्या धारेला त्या एका सेकंदाच्या आत आणायचं आणि पाठीला मुद्दाम उशीर करायचा, याला डिफरन्शियल हार्डनिंग म्हणतात. जपानीत त्या पाणी देण्याच्या क्षणाला याकिइरे म्हणतात, माती लावण्याला त्सुचिओकी, आणि कडक-मऊ भागांच्या सीमेवर जी पांढुरकी नक्षी दिसते तिला हामोन.

ही कल्पना फक्त जपानची नाही. आपल्याकडचा लोहार कोयत्याला फक्त धारेकडून पाणी देतो तेव्हा तो हेच करत असतो, आणि नेपाळमध्ये खुकरी बनवणारे कामी लोक तापलेल्या पात्याच्या धारेवर किटलीतून पाण्याची धार सोडतात, पाठ कोरडी ठेवून. जपानी लोकांनी वेगळं काय केलं, तर पातं पूर्ण बुडवायचं ठरवलं आणि कंट्रोल मातीकडे दिला, त्यामुळे सीमारेषा कुठून जाईल, सरळ की लाटेसारखी, हे आधी हाताने आखता यायला लागलं.

पोलाद निवडताना

इथेच निम्मे लोक फसतात. ट्रकच्या कमानीचा पाटा भंगारात स्वस्तात मिळतो, चिवट असतो, सगळे लोहार तोच वापरतात, म्हणून माणूस तोच घेतो आणि मेहनतीने माती लावतो. मग तेलात बुडवतो आणि हामोन काही दिसतच नाही. कारण कमानीच्या पोलादात सिलिकॉन, मँगनीज, क्रोमियम असलं मुद्दाम घातलेलं असतं, आणि त्यामुळे ते निवांत थंड झालं तरी कडक होतं. त्या एका सेकंदाच्या जागी त्याला बरेच सेकंद मिळतात, मग मातीखालची पाठसुद्धा आरामात कडक होऊन जाते. पोलाद चांगलंच आहे, या कामासाठी चुकीचं आहे.

आपल्याला हवं असतं ते उथळ कडक होणारं पोलाद, म्हणजे कार्बन ०.६ ते १ टक्क्यांच्या दरम्यान आणि मँगनीज शक्य तितकं कमी. जपानमध्ये तातारा भट्टीत लोहवाळू आणि लाकडी कोळशापासून जे तामाहागाने बनतं त्यात मँगनीज जवळपास नसतंच, म्हणून त्यावर इतके नाजूक हामोन येतात (ही भट्टी आजही शिमाने प्रांतात हिवाळ्यात पेटवतात, १९७७ पासून परत सुरू केली आहे). घडी घालून घालून ठोकल्यावर तयार तलवारीत कार्बन ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास उरतो. बाजारात मिळणाऱ्या ग्रेडमध्ये डब्ल्यू२ सगळ्यात छान, नाही मिळालं तर १०९५, त्यात कार्बन साधारण ०.९५ आणि मँगनीज ०.३ ते ०.५ टक्के. १०७५ पण चालतं पण त्यात मँगनीज ०.७ पर्यंत जाऊ शकतं, म्हणून विकणाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट बघूनच घ्या. जुन्या चांगल्या कंपनीची कानस पण बऱ्याचदा चालून जाते, फक्त दाते पूर्ण घासून काढा नाहीतर प्रत्येक दात म्हणजे तडा सुरू व्हायची जागा.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. भारतात शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, घरगुती-शेती वगैरे वापराचं नसेल तर, धारदार शस्त्रांच्या वर्गात जातं, आणि जपानमध्ये तर लायसन्सवाल्या कारागिराशिवाय कोणाला तलवार बनवताच येत नाही, त्यासाठी आधी ५ वर्षं उमेदवारी करावी लागते. म्हणून खाली मी जे उदाहरण घेतलंय ते २० सेंटिमीटरच्या सरावाच्या पात्याचं आहे, आणि मोठ्या तलवारीत जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगतो. तत्त्व तेच, धोकाही तोच, फक्त आकार लहान.

पातं तयार करणं

१०९५ ची पट्टी, पात्याची लांबी २०, मुठीत जाणारा भाग ८ सेंटिमीटर, रुंदी २५ मिलिमीटर, पाठ ५ मिलिमीटर. धारेकडे उतार द्या पण धार काढू नका, तिथे दीड-दोन मिलिमीटर जाडी ठेवा. पातळ धार पाण्यात गेली की एक तर लाटेसारखी वाकडी होते नाहीतर तडकते, आणि वरचा थोडा थर भट्टीत कार्बन गमावून बसतो तोही नंतर घासून काढायचा असतो, तेव्हा हा माल लागतोच.

पट्टी ठोकून आकार दिला असेल तर आतले दाणे मोठे झालेले असतात, ते बारीक करून घ्या. त्यासाठी तीन वेळा तापवून हवेत थंड करायचं, पहिल्यांदा साधारण ८७०, मग ८२०, मग ७८० डिग्री, प्रत्येक वेळी काळं पडेपर्यंत हात लावायचा नाही. दाणे बारीक असले की दोन फायदे, धार चिवट राहते आणि पोलाद अजून उथळ कडक होतं, म्हणजे हामोन स्पष्ट येतो. खात्री करायची असेल तर त्याच पट्टीचा एक छोटा तुकडा पात्यासोबतच या तिन्ही फेऱ्यांतून काढा, मग तापवून पाण्यात टाका आणि व्हाइसमध्ये धरून मोडा. मोडलेल्या तोंडावर एकसारखा बारीक राखाडी पोत दिसला तर बरोबर, चमचमणारे दाणे दिसले तर तापमान जास्त होतंय.

मग कडेचे सगळे कोपरे हलके गोल करा, ग्राइंडरचे आडवे ओरखडे १२० किंवा २२० च्या पेपरने लांबीच्या दिशेने काढून टाका. धारेला आडवा जाणारा ओरखडा ही तड्याची तयार वाट असते.

माती कालवणं

पारंपरिक मिश्रणात तीनच गोष्टी असतात, चिकणमाती, लाकडी कोळशाची पूड आणि धारेच्या दगडाची पूड. प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं आणि ते कोणी सहज सांगत नाही, पण तिन्ही समभाग घेऊन सुरुवात केली तर काम होतं. तिघांची कामं समजून घ्या म्हणजे प्रमाण स्वतःच बदलता येईल. माती चिकटवून ठेवते पण वाळताना आकसते आणि फुटते. दगडाची पूड ते आकसणं थांबवते. कोळसा उष्णता अडवतो. पाठीवरचा थर वाळताना भेगाळत असेल तर दगडाची पूड वाढवा, तापल्यावर खपल्या निघत असतील तर माती वाढवा. आपल्याकडे फायरक्ले भट्टीसामानाच्या दुकानात मिळतं, तेच घ्या, शेतातली काळी माती अजिबात नको, ती वाळताना केवढी फाटते ते उन्हाळ्यात शेतात पाहिलंच असेल. सगळं वस्त्रगाळ करून पाण्यात कालवा आणि निदान रात्रभर मुरू द्या. पाठीसाठी घट्टसर, चमच्यातून न पडणाऱ्या श्रीखंडासारखं, आणि धारेसाठी त्यातलंच थोडं वेगळं काढून पाणी घालून रंगासारखं पातळ.

माती लावायच्या आधी पातं पूर्ण तेलमुक्त हवं, नाहीतर माती पाण्यात गेल्या गेल्या सुटते आणि नेमकी जिथे सुटली तिथे पाठीवर कडक ठिपका पडतो. राखेने घासून धुवा, जपानी कारागीर पेंढ्याची राख वापरतात, आणि धुतल्यावर बोट लावू नका.

माती लावणं

आधी पूर्ण पात्यावर, धारेसकट, पातळ मातीचा एक हात द्या, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. इथे लोक विचारतात की धार लवकर थंड करायची तर तिथे माती कशाला. कारण असं की लालभडक धातू पाण्यात गेला की त्याच्याभोवती आधी वाफेचं कवच तयार होतं, आणि ते कवच जितका वेळ टिकेल तितका वेळ पाणी धातूला टेकतच नाही. मातीचा पातळ खरबरीत थर ते कवच लवकर फोडतो, म्हणून अगदी पातळ लेप लावलेली धार उघड्या धारेपेक्षा जास्त वेगाने आणि जास्त एकसारखी थंड होते. हाच थर दोन मिलिमीटर झाला की उलटा परिणाम. म्हणजे एकच माती, पातळ असली तर थंड करायला मदत करते आणि जाड असली तर अडवते.

हा पहिला हात सुकला की हामोनची रेषा आखा. आपल्या पात्यावर धारेपासून ८ मिलिमीटरवर एक हलकी लाट काढा, आणि त्या रेषेच्या वर पाठीपर्यंत घट्ट माती लावा, साधारण ३ मिलिमीटर जाड. रेषेजवळ माती एकदम भिंतीसारखी उभी न संपवता थोडी उतरती ठेवा. पाठीच्या अगदी वरच्या अरुंद पट्टीवर कारागीर वेगवेगळं करतात, सुरुवातीला सगळं झाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं बारीक काम, आशी. पातळ पात्याच्या कडेने म्हणजे जुन्या एटीएम कार्डच्या कडेने पण चालेल, जाड मातीपासून धारेपर्यंत मातीच्याच आडव्या बारीक रेषा ओढायच्या, एक मिलिमीटर रुंद, दर १२ मिलिमीटरला एक. प्रत्येक रेषेखाली धारेच्या कडक पट्ट्यात मऊ पोलादाची एक अरुंद शीर तयार होते. वार करताना धारेचा टवका उडाला तर तो तडा त्या शिरेपाशी येऊन थांबतो, पुढे पसरत नाही. नक्षी सुंदर दिसते हे खरं, पण आशीचं पहिलं काम हे आहे. रेषा जाड काढल्या तर धारेवर मऊ जागा पडतात आणि तिथे धार टिकत नाही, म्हणून बारीकच.

बिझेन प्रांतातल्या, म्हणजे आजच्या ओकायामातल्या ओसाफुने गावच्या कारागिरांनी लवंगेच्या कळ्यांसारखा दाटीवाटीचा हामोन काढला, मिनो प्रांतातल्या कानेमोतोंनी तीन-तीन देवदारांच्या शेंड्यांसारखा. हे सगळं मातीच्या या आखणीतूनच आलं, पण शेवटची रेषा माती एकटी ठरवत नाही, तापमान पण ठरवतं, ते पुढे येतंच.

माती सावलीत सुकवा, मग निखाऱ्यांच्या वर लांब धरून पूर्ण कोरडी करा. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन खपली उडते.

तापवणं

पारंपरिक कारागीर हे काम रात्री दिवे मालवून करतात, त्यात गूढ काही नाही, उजेडात लाल रंगाची छटा ओळखता येत नाही. तुमच्याकडे थर्मोकपलवाली भट्टी असेल तर १०९५ साठी ७९० ते ८०० डिग्री लावा आणि सुखी राहा. कोळशाच्या भट्टीत करत असाल तर भाता मंद, कोळसा सुपारीएवढा तुकडे केलेला, आणि पातं सतत पुढेमागे सरकवत राहायचं. टोक पातळ म्हणून ते सगळ्यात आधी तापतं, त्याला ज्वाळेच्या बाहेर काढून ठेवत ठेवत शेवटी आणायचं.

अंधारात नीट पाहिलंत तर एक फार कामाची गोष्ट दिसते. पातं लाल होत असताना त्यावर काळसर ढगासारख्या सावल्या सरकतात. पोलादाची रचना बदलताना ते उष्णता गिळतं, म्हणून जो भाग अजून बदलतोय तो शेजारच्यापेक्षा काळपट दिसतो. धारेवरच्या सगळ्या सावल्या विरल्या आणि रंग एकसारखा झाला की पोलाद तयार. चुंबकाची परीक्षा पण आहे, साधारण ७४० ते ७७० च्या दरम्यान पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं, पण चुंबक सुटल्या सुटल्या बुडवायला धावू नका, तिथून एक छटा वर जाऊन अर्धा-एक मिनिट तसंच धरा म्हणजे कार्बन नीट विरघळेल.

जास्त तापलं तर काय, याचं उत्तर लोक वाकणं, वितळणं असं देतात. खरं नुकसान न दिसणारं असतं. दाणे मोठे होतात, मोठ्या दाण्याचं पोलाद खोल कडक होतं, म्हणून कडकपणा मातीच्या रेषेच्या वर चढतो आणि तडकायचा धोका वाढतो. कमी तापलं तर हामोन धारेला चिकटून राहतो किंवा मध्येच तुटतो. म्हणून नंतर हामोन बघून तापमान कळतं. तो माती आखली त्याच्या वर गेला असेल तर जास्त तापलं होतं, खाली राहिला तर कमी, आणि टोकाकडे वर पण मुठीकडे खाली असेल तर पातं एकसारखं तापलं नव्हतं. सोशू परंपरेत, म्हणजे कामाकुराच्या मासामुने वगैरेंच्या तलवारींत हामोनवर डोळ्यांना सुटे दिसणारे चमकदार कण असतात, त्यांना निए म्हणतात, ते जास्त तापमानाकडे झुकलेल्या कामाचे, आणि बिझेनचा धुक्यासारखा निओई त्यापेक्षा कमी तापमानाचा. मासामुनेसारखं करायला जाऊन पातं फोडण्यापेक्षा पहिली पाती निओईवरच काढावीत असं माझं स्पष्ट मत.

पाणी देणं

पाण्याची टाकी पात्यापेक्षा लांब आणि हात जाईल एवढी खोल हवी, पाणी कोमट, ४० डिग्रीच्या आसपास. थंडगार पाणी जास्त चांगलं असं वाटतं पण त्यात तडे जास्त जातात. पातं आडवं धरून, धार खाली, पूर्ण लांबी एकाच वेळी पाण्यात गेली पाहिजे. टोक आधी खुपसलं तर ते आधी थंड होऊन पातं बाजूला वाकतं. आत गेल्यावर डावीकडे-उजवीकडे हलवायचं नाही, हवं तर लांबीच्या दिशेने पुढेमागे.

आता त्या दोन-चार सेकंदांत काय होतं ते बघा, कारण तलवारीचा बाक इथेच जन्माला येतो. जपानी कारागीर पातं ठोकताना जवळपास सरळ किंवा अगदी थोडं वाकवलेलं ठेवतो. पाण्यात गेल्यावर आधी धार थंड होते, थंड धातू आकसतो, म्हणून पातं धारेच्या बाजूला, खाली झुकतं. बघणाऱ्याला वाटतं गेलं काम. पण धार साधारण २५० डिग्रीच्या खाली उतरली की मार्टेन्साइट बनायला लागतं, आणि मार्टेन्साइटला आधीच्या रचनेपेक्षा जास्त जागा लागते. धार फुगते, लांब होते, आणि पातं वर वळायला लागतं. पाठ अजून लाल-गरम असते, ती मऊ असल्यामुळे ओढली जाते. मग पाठ मागाहून थंड होऊन आकसते आणि पातं अजून वर वळतं. सत्तर सेंटिमीटरच्या तलवारीत हा बाक सेंटिमीटरभर किंवा जास्त वाढू शकतो, आपल्या छोट्या पात्यात एक-दोन मिलिमीटर दिसेल. याचा अजून एक परिणाम, धार कायमची दाबाखाली राहते आणि पाठ ताणाखाली, आणि दाबाखालच्या धारेत तडा सहज उघडत नाही.

तेलात बुडवलं तर काय होतं? धार तितक्या वेगाने गार होत नाही, गणित बदलतं, आणि पातं बऱ्याचदा उलटं, धारेकडे वाकलेलं राहतं. तडे मात्र खूप कमी जातात. ज्यांना पातं वाचवायचंय त्यांनी २-३ सेकंद पाण्यात आणि मग लगेच ५० डिग्रीच्या कोमट तेलात अशी मधली वाट धरावी, तडे बहुतेक धार पूर्ण थंड होत असताना जातात आणि तिथे तेलाचा सौम्यपणा कामाला येतो. तेल असेल तर झाकण हाताशी ठेवा, भडका उडाला तर झाकून विझवायचा, पाणी ओतायचं नाही. लांब बाह्या, चष्मा हे सांगायला नकोच.

पाण्यातून बारीक "टिंग" असा आवाज आला तर मन घट्ट करा. तो धार तडकल्याचा आवाज आहे. धारेला काटकोनात जाणाऱ्या या तड्याला हागिरे म्हणतात आणि त्याला इलाज नाही, पुढच्या वाराला तिथून तुकडा पडणार. आवाज नाही आला तरी तपासा. माती काढून धारेवर रॉकेल पुसा, दोन मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून वर खडूची पूड लावा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ म्हणून उमटतं.

मग कानस. धारेवर कानस घसरली पाहिजे, पाठीवर चावली पाहिजे. धारेवर पण पहिल्या एक-दोन घासांत थोडी चावू शकते कारण वरचा थर कार्बन गेलेला असतो, तो गेल्यावर घसरायला हवी.

टेम्पर

धार आत्ता काचेसारखी आहे, हातातून फरशीवर पडली तरी टवका जाईल. म्हणून रात्रभर ठेवू नका, कोमट झाली की लगेच टेम्परला घाला, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून मंद आचेवर परत तापवा. घरच्या ओटीजीत २०० डिग्रीला एक-एक तास दोनदा, मध्ये थंड होऊ द्या. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर ठेवून खात्री करा, ३०-४० डिग्रीचा फरक अगदी कॉमन आहे. पारंपरिक कारागीर निखाऱ्यांवर पातं सरकवत हेच करतो, साधारण १५० ते २०० च्या पट्ट्यात, पाण्याचा थेंब टाकून तो कसा उडतो यावरून अंदाज घेत. यानंतर कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर धार ६० च्या आसपास राहते आणि पाठ ४० च्या खाली.

बाजूला वाकलं असेल तर आता लाकडी ठोकळ्यावर ठेवून पाठीकडून हलक्या हाताने सरळ करता येतं, कारण पाठ मऊ आहे. धारेच्या कडक पट्ट्यावर हातोडा नाही. बाक कमी पडला असेल तर जपानी कारागीर तांब्याचा ठोकळा लाल तापवून पाठ त्यावर टेकवतो आणि पाण्यात घालतो, असं हवं तिथे थोडं थोडं.

पाठ "चिवट" म्हणजे नक्की काय

इथे थोडं थांबून सांगायला हवं कारण गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं कटाना वाकवली की स्प्रिंगसारखी परत सरळ होते. नाही होत. पर्लाइटची पाठ तुटत नाही, पण मर्यादेच्या पलीकडे वाकली की वाकलेलीच राहते. एकसारखी कडक करून ३०० डिग्रीच्या वर टेम्पर केलेली स्प्रिंग पोलादाची तलवार जास्त वाकून परत सरळ होते, पण तिची धार रॉकवेल ५० च्या आसपास असते, म्हणजे कटानापेक्षा बरीच मऊ. लढाईत वाकलेली तलवार सरळ करता येते, तुटलेली नाही, आणि साध्या कार्बन पोलादात ६० ची धार न तुटणारी ठेवायची तर हा सौदा बरा होता. कटानाची पद्धत सगळ्यात श्रेष्ठ वगैरे नाही, हातातल्या पोलादातून काढलेली चांगली वाट आहे.

हामोन बाहेर काढणं

टेम्परनंतर धार आणि पृष्ठभाग घासून काढा, ४०० पासून ८०० ते १००० पेपरपर्यंत, प्रत्येक पेपरला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. घासताना पातं गरम होऊ देऊ नका, सतत पाण्यात बुडवा, हाताला चटका बसायला लागला म्हणजे टेम्पर बिघडायची वाट सुरू झाली. मग सर्किट बोर्डवाल्या दुकानातलं फेरिक क्लोराइड भरपूर पाण्यात पातळ करून २०-३० सेकंद लावा, धुवा, बारीक पावडरने पुसा, परत लावा. कडक आणि मऊ भागावर ॲसिड वेगवेगळं चढतं म्हणून रेषा उभी राहते. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. जपानी पॉलिशवाला ॲसिड न लावता फक्त दगडांनी हे सगळं दाखवतो, पण ते शिकायला वर्षं जातात आणि तो लेखच वेगळा.

एक खूण सांगतो. काही विकणारे वायरब्रशने किंवा ॲसिडने खोटी लाट काढतात. खरा हामोन प्रकाशात पातं तिरपं करून पाहिलं की पोलादाच्या आत असल्यासारखा दिसतो, कडेला धुकं असतं आणि आशी त्यातून धारेकडे उतरताना दिसतात. खोटी लाट कोनाकोनाने बदलत नाही आणि ८०० च्या पेपरच्या चार घासांत पुसली जाते.

फसलं तर परत करता येतं का

धार कडक झालीच नाही पण तडा पण नाही, तर हो. माती काढा, परत तीन वेळा तापवून हवेत थंड करा, नव्याने माती लावा. पण प्रत्येक वेळी बाक थोडा वाढतो, कार्बन थोडा उडतो आणि तड्याची शक्यता वाढते, म्हणून दोनदा जमलं नाही तर पट्टी बदला, तिसऱ्यांदा नशीब अजमावू नका. जुन्या तलवारींच्या बाबतीत हे वेगळं आहे. आगीत सापडलेल्या तलवारीचा कडकपणा जातो आणि तिला कोणी परत पाणी दिलं तर तिला साइहा म्हणतात, आणि संग्राहकांकडे तिची किंमत बरीच उतरते, कारण हामोन आता मूळ कारागिराचा राहत नाही. तसंच शतकानुशतकं पॉलिश करून करून कडक पट्टा झिजतो. टोकाकडचा हामोन झिजून धारेबाहेर गेला की तिथे परत कितीही धार लावली तरी ती मऊ पोलादाचीच, म्हणून जुनी तलवार घेणारे सगळ्यात आधी टोक तपासतात.